‘सावळी आहे, पण…’ यातला ‘पण’

प्रश्न : माझी मुलगी ओवी पाच वर्षांची आहे, सीनियर केजीत जाते. रंग माझ्यावर गेलाय, सावळा. धाकटा अर्णव बाबांसारखा गोरा. मागच्या आठवड्यात अंघोळ करताना ती घासणीनं हात लाल होईपर्यंत घासत होती. म्हणाली, “मला अर्णवसारखं गोरं व्हायचंय.” मी जवळ घेऊन म्हटलं, “तू तर जगात सगळ्यात सुंदर आहेस.” ती काहीच बोलली नाही. सासूबाई तिला रोज डाळीचं पीठ आणि साय लावतात, ‘उजळेल’ म्हणून. हे कमी म्हणून की काय, दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला की ओवीनं वर्गातल्या लिंथोईला ‘चिनी’ म्हटलं आणि ‘हिचे डोळे उघडतच नाहीत’ असंही म्हणाली. लिंथोई मणिपूरची आहे, याच वर्षी आलीय. मला इतकी लाज वाटली! रागावले, सॉरी म्हणायला लावलं. आता ओवी तिच्याजवळ बसतच नाही. एकाच मुलीला दोन्ही गोष्टी कशा समजावू? आणि सासूबाईंशी काय बोलू?
— एक आई, पुणे

उत्तर :

‘तू सगळ्यात सुंदर आहेस’ हे तुम्ही मायेनंच म्हणालात, पण ते तिनं विचारलेलंच नव्हतं. तिला हात गोरा करायचा होता, त्यासाठी ती काम करत होती, आणि तिच्या डोक्यात त्यामागे काही तरी हिशोब होता. तो हिशोब आधी कळायला हवा. पुन्हा घासताना दिसली तर घासणी हिसकावू नका. बाजूला बसा आणि साध्या आवाजात विचारा, “घासून काय होईल गं?”

माझा अंदाज सांगते. मी बावीस वर्षं बालवाडीत काढली. चार-पाच वर्षांच्या पुष्कळ मुलांना सावळा रंग म्हणजे अंगावर बसलेला मळ वाटतो. त्यात त्यांची काही चूक नाही. मातीत खेळलं की हात काळे होतात, धुतले की स्वच्छ होतात, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. त्यात आपण ‘काळाकुट्ट मळ’ आणि ‘स्वच्छ गोरं’ असं बोलत असतो. तेव्हा पहिलं काम सौंदर्याबद्दल बोलण्याचं नाही. हा मळ नाही, एवढंच तिच्या डोळ्यांना दाखवायचं आहे.

त्यासाठी एक पांढरा रुमाल ओला करा. ओवीच्या हातावर कुंडीतली माती लावा आणि रुमालानं पुसा. रुमाल मळेल. मग रुमालाची दुसरी, स्वच्छ बाजू त्याच हातावर फिरवा. काही लागणार नाही. “माती निघाली, रंग राहिला. कारण रंग वर लावलेला नाही, तो कातडीच्या आत आहे.” फक्त हे हलक्या हातानं करा. जोरानं चोळलंत तर मेलेल्या कातडीच्या करड्या वळ्या निघतील आणि ओवी लगेच म्हणेल, “बघ, काळं निघतंय!” माझ्यासमोर हे अस्सं झालंय. झालंच तर अर्णवचा हातही तसाच चोळून दाखवा. त्याच्याही वळ्या करड्याच निघतात.

आता ‘आत रंग आहे’ म्हणजे काय? इथे खोटं बोलायची किंवा परीकथा रचायची अजिबात गरज नाही, खरी गोष्टच पुरेशी मजेदार आहे. रंग बनवणाऱ्या पेशी तुमच्या, अर्णवच्या, सासूबाईंच्या, सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच संख्येनं असतात. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिन नावाचा रंग किती आणि कोणत्या प्रकारचा बनवतात त्यानं. मेलॅनिन उन्हातल्या घातक किरणांना अडवतं. ओवीला सांगताना एवढंच म्हणा, “सगळ्यांच्या कातडीत बारीक बारीक छत्र्या असतात. तुझ्या छत्र्या जास्त दाट आहेत, अर्णवच्या विरळ आहेत.” मग तिलाच शोधायला लावा. तळहात आणि हाताची मागची बाजू एकाच रंगाची आहे का? बाबांच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली काय दिसतं? दंडाची आतली बाजू कशी आहे? एकाच माणसाच्या अंगावर चार रंग सापडतात, आणि ते मोजताना मुलं खिदळतात.

ती विचारेल, “मग माझ्याच छत्र्या दाट का?” उत्तर आहे, “माझ्याकडून आल्या.” घरात जुना अल्बम असेल तर काढा. तुमची आई, तिची आई, जी कोणी सावळी असेल ती दाखवा. रंग अनेक जनुकांच्या मिश्रणातून ठरतो, म्हणून सख्ख्या भावंडांतही इतका फरक पडू शकतो. एकीला आजीचं नाक मिळतं, दुसऱ्याला आजोबांचे कान, तसंच हे. फक्त हे बोलताना तुमचा स्वतःचा सूर सांभाळा. “बिचारी माझ्यावर गेली” असं हसत हसतसुद्धा म्हणू नका. ओवी तुमच्याच रंगाची आहे. तुम्ही फोटोत मागे सरकता का, लग्नाला जाताना दोन छटा उजळ फाउंडेशन लावता का, हे ती तुमच्या शब्दांपेक्षा जास्त बघते.

आता अवघड भाग. ‘रंगानं काही फरक पडत नाही’ हे तिला सांगू नका. कातडीपुरतं ते खरं आहे, पण तिच्या अनुभवाला ते खोटं ठरवतं. तिला रोज पीठ लावलं जातं, अर्णवला लावलं जातं का? तिनं दोन आणि दोन चार केलेत. अमेरिकेत 1940च्या दशकात केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडला तर अगदी सारख्या अशा गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या आणि ‘चांगली कोणती’ असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरी उचलली. ‘तुझ्यासारखी कोणती’ यावर त्यांना तपकिरीकडे बोट दाखवावं लागलं, तेव्हा काही मुलं रडली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या कामाचा दाखला घेतला. त्या मुलांना कोणी समोर बसवून हे शिकवलं नव्हतं. आपल्याकडे तर ते उघडउघड चालतं.

म्हणून खरं सांगा, तिला पेलेल एवढंच. “काही लोकांना गोरा रंग जास्त चांगला वाटतो. मोठ्या माणसांनासुद्धा. त्यांना लहानपणी तसं शिकवलं गेलं, आणि ते चुकीचं शिकवलं गेलं. मलाही लहानपणी असं म्हणायचे, तेव्हा मला वाईट वाटायचं.” तुम्हाला म्हणायचे असतील, असं मी धरून चालतेय. हे शेवटचं वाक्य तिला सगळ्यात जास्त आधार देईल, कारण आपल्याला आलेला हा अनुभव फक्त आपलाच नाही, हे तिला कळेल. शाळेत कोणी ‘ए काळे’ म्हणून हाक मारतं का, हेही याच ओघात विचारा. मारत असेल तर तिच्या हातात एक छोटं वाक्य द्या, “माझं नाव ओवी आहे.” घरी दोन-चारदा म्हणवून घ्या. ‘काळा’ हा शब्द मात्र घरात निषिद्ध करू नका. केस काळे असतात, कावळा काळा असतो, विठोबा काळा असतो. शब्द वाईट नाही, चिडवायला वापरला की वाईट, एवढा फरक पाच वर्षांचं मूल बरोबर ओळखतं.

विठोबाचं नाव आलंच आहे म्हणून जरा आडवळणाला जाते. ‘अगं, विठोबा काळा, कृष्ण काळा, मग तुला काय झालं?’ ही आपल्याकडची ठरलेली समजूत. मला ती फारशी पटत नाही. समजूत काढतोय म्हणजे काही तरी बिनसलंय, हे मुलाला लगेच कळतं. देवळात गेल्यावर आपण होऊन “विठोबा किती छान काळा आहे” म्हणा, रडल्यावर औषधासारखा विठोबा देऊ नका.

शीर्षकातला ‘पण’ हाच. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ माझी एक आत्या पाहुण्यांपुढे माझी ओळख ‘रंगानं डावी, पण हुशार हो’ अशी करून द्यायची. मला हुशार म्हटल्याचं आठवतच नाही, तो ‘पण’ मात्र अजून ऐकू येतो. तुमच्या घरात आठवडाभर हा ‘पण’ कोण कोण आणि किती वेळा म्हणतं ते नुसतं ऐका. ‘उन्हात खेळू नकोस, काळी होशील’ हेही त्याच जातीचं वाक्य. उन्हाची भीती खरी असेल तर ‘ऊन लागेल, टोपी घाल’ म्हणा.

आता सासूबाई. डाळीच्या पिठाशी माझं भांडण नाही. साय आणि पीठ लावून नात न्हाऊ घालणं यात लाड आहेत, ते तोडू नयेत. रोज लावल्यानं कातडी कोरडी पडत असेल तर आठवड्यातून एकदा करा. बदलायचं आहे ते सोबतचं वाक्य. ‘उजळेल’च्या जागी ‘मऊ होईल’. आणि ते अर्णवलाही लावलं जाऊ दे, म्हणजे ते औषध उरणार नाही, न्हाणंच होईल. दोन बाबतींत मात्र ठाम राहा. लिंबाचा रस लावून मूल उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. आणि कोणतीही गोरं करणारी क्रीम नको. औषधांच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या अशा काही ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. त्यानं सुरुवातीला रंग उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, बारीक लव आणि पुरळ येते, आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटतो. लहान मुलाची कातडी ते औषध मोठ्यांपेक्षा जास्त शोषून घेते. घरात अशी ट्यूब असेल तर आजच बाहेर काढा.

हे त्यांना कोणी सांगायचं? त्यांच्या मुलानं. सुनेच्या तोंडून ती तक्रार वाटेल. ओवी झोपल्यावर, दोघांनी बसून, पण बोलायचं त्यांनी: “आई, ओवी हात सोलेपर्यंत घासत होती. ‘गोरी होशील’ हे तिच्या मनात बसलंय. तू न्हाऊ घाल, फक्त तेवढं म्हणू नकोस.” बहुतेक आज्या इथेच हलतात, कारण नातीनं स्वतःला दुखवलेलं त्यांना सोसत नाही. ‘लग्नाच्या वेळी कळेल तुम्हाला’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. त्यांनी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांतून ‘कळवतो’ म्हणून गेलेले आणि कधीच न कळवणारे पाहुणे पाहिले असतील, कदाचित स्वतःसाठीही. ती भीती खरी आहे, तसं त्यांना म्हणा. ती ओवीच्या कानावर घालायची नाही, इतकीच विनंती करा. एखादवेळी तोंडून निघालंच तर ओवीसमोर आजीला दुरुस्त करू नका. नंतर ओवीला म्हणा, “आजीला तसं वाटतं. मला तसं वाटत नाही. आजीचं तुझ्यावर प्रेम आहे, तरी ती यात चुकते.” प्रेमाचं माणूसही चुकू शकतं, हे मुलांना आपल्याला वाटतं त्याहून लवकर समजतं.

आता लिंथोई. तुम्हाला लाज वाटली, रागावलात, सॉरी वदवून घेतलंत. त्यातून ओवी इतकंच शिकली की लिंथोईजवळ गेलं की आपण अडचणीत येतो. म्हणून ती लांब बसते.

ओवी दोन गोष्टी म्हणाली आणि त्या दोन वेगळ्या आहेत. ‘डोळे उघडत नाहीत’ हे तिचं निरीक्षण आहे, चुकीचं, पण निरीक्षण. त्याला माहितीच द्यायची. आरशासमोर उभ्या राहा आणि पापण्या बघा. “आपल्या वरच्या पापणीला इथे एक घडी पडते. लिंथोईची पापणी वेगळी दुमडते, आणि आतल्या कोपऱ्यावर कातडीची छोटीशी घडी असते. डोळे पूर्ण उघडेच असतात. तुला दिसतं तेवढंच तिला दिसतं.” आणि मग, “तिला तिच्या आईकडून मिळाले, जसा तुला माझ्याकडून रंग.” हा धागा नक्की जोडा. ओवीला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजावायच्या नाहीत, ती एकच गोष्ट आहे.

‘चिनी’ मात्र तिचा स्वतःचा शब्द नाही, तो तिनं कुठून तरी उचललाय. उलटतपासणी न करता विचारा, “हा शब्द कुठे ऐकलास?” शाळेत, सोसायटीत, कदाचित घरातच कोणी तरी ‘ते चायनीज दिसणारे’ म्हटलं असेल. इथे बहुतेक पालक घाईनं म्हणतात, “असं म्हणायचं नाही, ती भारतीय आहे.” हे बरोबर आहे आणि अपुरंही आहे. उद्या वर्गात खरोखरच चीनमधून आलेली मुलगी बसली तर तिला चिडवायला हरकत नाही का? म्हणून दोन्ही म्हणा. “लिंथोई मणिपूरची आहे, मणिपूर आपल्याच देशात आहे. आणि कोणी कुठूनही आलेलं असो, त्याला त्याच्या नावानं हाक मारायची. तुला ‘ए काळे’ म्हटलं की कसं वाटतं? तिला तसंच वाटलं असेल.” ही तुलना एकदाच करा. पुन्हा पुन्हा केलीत तर तो टोमणा होतो.

नकाशा काढून इम्फाळ दाखवा. तिथलं लोकटाक तळं सांगा, ज्यावर गवत, मुळं आणि मातीची बेटं अक्षरशः तरंगतात. त्यांना फुमदी म्हणतात, आणि त्यांच्यावर संगाई नावाची हरणं राहतात. ओवीला हे आवडेल, पैज. इम्फाळमध्ये फक्त बायकांनी चालवलेला मोठा बाजार आहे, इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार. मैतेई लोक आईला ‘इमा’ म्हणतात. मात्र लिंथोईचं घर मैतेईच असेल असं धरून चालू नका. मणिपुरात नागा आहेत, कुकी आहेत, प्रत्येकाची भाषा निराळी. ते तिच्या आईला विचारूनच कळेल.

तिच्या आईला भेटाच, एकट्या, ओवीला फरफटत नेऊ नका. “ओवी चुकीचं बोलली. आम्ही घरी तिच्याशी बोलतोय. लिंथोई घरी काही म्हणाली का?” एवढंच, आणि मग ऐकून घ्या. ‘लहान आहे हो, तिला कळत नाही’ असं म्हणू नका. त्या बाईंनी ते वाक्य आधीही ऐकलं असण्याची दाट शक्यता आहे. आणि ‘तुम्ही काय काय खाता?’ हे पहिल्या भेटीत नको. जमलं तर दोघींना एक दिवस खेळायला बोलवा. काही तरी हातानं करायचं द्या, कणकेचे गोळे, ठोकळे, काहीही. गप्पा मारा असं सांगू नका. हाताला काम असलं की गप्पा आपोआप येतात.

बाईंशी बोलाल तेव्हा माझी एक चूक त्यांना सांगा. माझ्या वर्गात नागालँडहून आलेला एक मुलगा होता. मला वाटलं, मुलांना त्याची ओळख व्हावी. त्याच्या आईला पारंपरिक शाल पाठवायला सांगितली आणि त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून मुलं त्याला म्हणायला लागली, “ए, तुझा डान्स कर ना.” तोपर्यंत तो फक्त झोपाळ्यासाठी भांडणारा एक मुलगा होता. मी त्याला नमुना करून ठेवलं. त्यापेक्षा सगळ्या मुलांनी आपल्या घरात आईला, आजीला काय म्हणतात ते सांगावं. आई, अम्मी, बा, मम्मी, इमा. त्यात लिंथोई एकटी पडत नाही, आणि तिचं वेगळेपण लपवलंही जात नाही.

रंगपेटीचंही बाईंशी बोला. मुलं त्या फिकट गुलाबी खडूला ‘स्किन कलर’ म्हणतात आणि बाईही म्हणतात. अमेरिकेत क्रेयोलानं आपल्या तशाच खडूचं ‘फ्लेश’ हे नाव 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केलं. आपण अजून “स्किन कलर दे ना” म्हणतोच आहोत, आणि ओवी तो मागून घेऊन स्वतःचं चित्र रंगवते. घरी एक दुपार यासाठी ठेवा. ताटलीत तपकिरी, पिवळा, लाल आणि पांढरा पोस्टर कलर घ्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनगटाशी जुळणारा रंग बनवा. तपकिरीपासून सुरुवात करा, पिवळा थोडा थोडा मिसळा, लाल अगदी टोकभर, पांढरा सगळ्यात शेवटी. एक थेंब मनगटावर लावून बघा, दिसेनासा झाला की जमलं. बाबांनाही तपकिरी लागतोच, हे ओवीला स्वतःला सापडू द्या. ती स्वतःच्या रंगात पांढरा ओतत सुटेल कदाचित. ओतू द्या, थांबवू नका. फक्त तो थेंब मनगटावर ठेवून विचारा, “हा दिसेनासा होतोय का?” पहिल्याच दिवशी ती स्वतःचा खरा रंग बनवेल असं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला चार शुक्रवार लागले.

हे सगळं एकाच संध्याकाळी बोलायचं नाही. दोन-तीन मिनिटं बोला, ती उठून खेळायला गेली की थांबा. रिक्षात, लिफ्टमध्ये मोठ्यानं काही विचारलं, ‘तो काका इतका काळा का?’ वगैरे, तर ‘शू’ करू नका. “त्याच्या छत्र्या खूप दाट आहेत. नमस्कार कर त्याला,” असं नेहमीच्या आवाजात म्हणा. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना आपली ‘शू’ बरोबर ऐकू येते.

दीड-दोन महिने असं करूनही घासणं चालू राहिलं, कातडी सोलली जाऊ लागली, फोटोत यायला किंवा शाळेत जायला ती सतत नाही म्हणू लागली, तर बालमानसतज्ज्ञाकडे जा. जाताना ओवीला सांगू नका की तुझ्या रंगाबद्दल बोलायला जातोय. ‘हात दुखेपर्यंत घासावंसं का वाटतं, ते त्या मावशींना सांगू या,’ असं सांगा.